ज्यूस हीटरवरचं फीडफॉरवर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्यात सल्फिटेशन झालेला रस क्लॅरिफायरकडे जाण्याआधी साधारण १०२ अंशांपर्यंत तापवावा लागतो. त्या हीटरवर रसाचा फ्लो मोजून वाफ आधीच कमी-जास्त करणं, म्हणजे फीडफॉरवर्ड, कितपत उपयोगी पडतं आणि कुठे कमी पडतं, यावर इन्स्ट्रुमेंट विभागातली मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. आकडे समजावण्यासाठी धरलेल्या एका हीटरचे आहेत. आपल्या हीटरचे आपण मोजून घ्यावेत.

तापमानाचा पीआयडी लूप असताना फीडफॉरवर्ड कशाला हवं?

पीआयडीला गडबड कळते ती तापमान हलल्यावर. गव्हाणीत मोळी कमी-जास्त पडली, मिल थोडी चोक झाली, मिक्स्ड ज्यूस टाकीच्या लेव्हल लूपने पंपाचा व्हॉल्व्ह उघडला, की हीटरमधून जाणारा रस बदलतो. वाफ तेवढीच राहिली तर रस वाढताच तापमान पडतं. ते खाली आल्याचं सेन्सरला दिसणार, मग पीआयडी वाफ वाढवणार, आणि ती वाफ रसापर्यंत पोचायला आणखी वेळ जाणार. तोवर कमी तापलेला रस फ्लॅश टँकमध्ये गेलेला असतो. रस उकळीच्या वर नसेल तर फ्लॅश नीट होत नाही, रसातली हवा निघत नाही, आणि तीच हवा क्लॅरिफायरमध्ये बारीक भुशाला धरून गाळ वर तरंगवते. उलट तापमान फार चढलं तर रंग वाढतो आणि साखरही थोडी तुटते.

रसाचा फ्लो तर आपण मोजतोच आहोत. मग तापमान पडायची वाट कशाला बघायची? फ्लो बदलताच वाफ बदलायची, एवढंच फीडफॉरवर्डचं काम.

किती वाफ बदलायची हे कसं ठरवायचं?

उष्णतेच्या हिशेबाने. वाफेने दिलेली उष्णता रसाने घेतली, एवढं एकच समीकरण:

```
Ws = W * cp * (Tset - Tin) / L
```

`Ws` म्हणजे लागणारी वाफ, `W` रसाचा फ्लो, `cp` रसाची विशिष्ट उष्णता, `Tset` हवं असलेलं तापमान, `Tin` आत येणाऱ्या रसाचं तापमान, `L` वाफेची सुप्त उष्णता. आपला हीटर असा धरू: रस ताशी २०० टन, ब्रिक्स १५ च्या आसपास, म्हणून `cp` ३.८ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. रस ७० वरून १०२ वर न्यायचा, म्हणजे ३२ अंश चढवायचा. एक्झॉस्ट वाफेची सुप्त उष्णता २२०० किलोज्यूल प्रति किलो. हिशेब केला की एक टन रसाला ०.०५५ टन वाफ लागते, म्हणजे ताशी सुमारे ११ टन.

हा ०.०५५ आकडा कागदावर लिहून पॅनेलजवळ चिकटवून ठेवा. पुढे एका बिघाडाचा छडा याच आकड्याने लागला.

फीडफॉरवर्ड थेट व्हॉल्व्हला द्यायचं की वाफेच्या फ्लो लूपला?

फ्लो लूपला. व्हॉल्व्ह १० टक्के जास्त उघडला की वाफ १० टक्के वाढेलच असं नाही. हेडरचं प्रेशर, व्हॉल्व्हची कॅरॅक्टरिस्टिक आणि हीटरच्या शेलमधलं प्रेशर या तिन्हींवर ते अवलंबून असतं, आणि दोन्ही प्रेशर रोज बदलतात. फीडफॉरवर्डने वाफेच्या फ्लो लूपला सेट पॉइंट दिला, की ही सगळी अनिश्चितता आतला लूप सांभाळतो आणि आपल्या मॉडेलमध्ये फक्त उष्णतेचा हिशेब उरतो. तो हिशेब निसर्गाचा आहे, सहसा चुकत नाही.

याचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. हीटरच्या नळ्यांवर स्केल धरलं तरी ०.०५५ बदलत नाही. स्केलमुळे तेवढीच उष्णता रसात जायला शेलमध्ये जास्त प्रेशर लागतं, व्हॉल्व्ह जास्त उघडावा लागतो, पण प्रतिटन वाफ तीच राहते. अडचण येते ती व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर. तेव्हा फीडफॉरवर्डने कितीही वाफ मागितली तरी ती मिळत नाही. त्यावर उपाय एकच, हीटर बदलून साफ करणं.

पीआयडीचं आउटपुट त्यात मिळवायचं की गुणायचं?

इथे गुणायचं. पीआयडीने ०.०५५ हे प्रमाण थोडं वर-खाली करावं आणि त्याला रसाच्या फ्लोने गुणून वाफेचा सेट पॉइंट काढावा. रस कमी असताना एक टन वाफ तापमान जास्त हलवते आणि रस जास्त असताना कमी. गुणाकारामुळे हा फरक आपोआप सांभाळला जातो, आणि पीआयडीचं ट्यूनिंग कमी गाळपालाही चालतं आणि पूर्ण गाळपालाही.

मॉडेल चुकलं तर नेमकं काय होतं? जरा आकड्यांत सांगा.

रस १० टक्क्यांनी वाढला, २०० चा २२० झाला असं समजू. पीआयडी तात्पुरता मॅन्युअलला आहे.

वाफ तेवढीच ठेवली तर ३२ अंशांऐवजी २९.१ अंशच चढतील, म्हणजे तापमान २.९ ने पडेल. वाफही बरोबर १० टक्के वाढवली तर काहीच पडणार नाही. आता समजा फीडफॉरवर्डचा गेन २० टक्के कमी आहे आणि वाफ फक्त ८ टक्के वाढली. तापमान ०.५८ अंशाने पडतं, म्हणजे मूळ गडबडीच्या बरोबर २० टक्के उरते. गेनमध्ये जितकी टक्के चूक, तितके टक्के गडबड शिल्लक.

हे वाचून हायसं वाटतं, कारण २० टक्के चुकूनही ८० टक्के काम झालं. पण चूक दुसऱ्या दिशेला गेली आणि गेन दुप्पट झाला तर? वाफ २० टक्के वाढेल, रस ३४.९ अंश चढेल, म्हणजे तापमान २.९ ने *वर* जाईल. फीडफॉरवर्ड नसताना जेवढी चूक होती तेवढीच, फक्त उलट्या दिशेला. दुप्पट ही सीमा आहे. तिच्या पलीकडे फीडफॉरवर्ड बंद असलेलंच बरं.

मग थोडा कमी गेन ठेवणं सुरक्षित का?

हो. खात्री नसेल तेव्हा मी हिशेबाच्या ८० टक्क्यांवर सुरुवात करतो.

दुप्पट गेन कुणी कशाला ठेवेल? एवढी मोठी चूक खरंच होते?

होते, आणि ती मी स्वतः पाहिली आहे. एका कारखान्यात फीडफॉरवर्ड चालू केलं की रस वाढताच तापमान उसळून वर जायचं. दोन शिफ्टमध्येच ऑपरेटरने ते बंद करून टाकलं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मला बोलावलं तेव्हा मी ट्रेंड बघण्याआधी पीआयडी स्थिर असतानाचं प्रमाण बघितलं. ते ०.०७४ होतं. उष्णतेचा हिशेब ०.०५५ सांगतो. एक टन रस ३२ अंश तापवायला तिथे ३५ टक्के जास्त वाफ लागत होती, आणि असं होऊच शकत नाही. म्हणजे वाफेचं मोजमाप चुकत होतं.

वाफेचा फ्लो ऑरिफिसवर मोजला जात होता. डिफरन्शियल प्रेशरवरून फ्लो काढायला वर्गमूळ घ्यावं लागतं. ते ट्रान्समीटरमध्येही चालू होतं आणि डीसीएसमध्येही. रेंज ताशी २० टन. खरा फ्लो ११ टन, म्हणजे ५५ टक्के. त्याचं पुन्हा वर्गमूळ घेतलं की ७४ टक्के, म्हणून स्क्रीनवर १४.८ टन दिसत होते. २०० ने भागा, ०.०७४ मिळतात.

पीआयडीने प्रमाण सरकवून ही चूक स्थिर अवस्थेत लपवली होती, त्यामुळे हंगामभर कुणाला शंका आली नाही. बदल झाला की मात्र ती उघडी पडायची. वाचन १० टक्के वाढायला खरी वाफ २१ टक्के वाढावी लागायची. रस १० टक्के वाढला, वाफ २१ टक्के वाढली, तापमान ३.२ अंश वर. डीसीएसमधलं वर्गमूळ काढलं, आणि त्याच दिवशी तेच फीडफॉरवर्ड नीट चालू लागलं.

वर्गमूळ कुठेच घेतलं नसेल तर उलट होतं. वाचन सुमारे ६ टन दिसतं, प्रमाण ०.०३ वर बसतं आणि फीडफॉरवर्ड निम्मंच काम करतं.

फीडफॉरवर्डचा गेन बरोबर आहे हे चालू प्लांटवर, काहीही न हलवता कसं ओळखायचं?

दोन-तीन दिवसांचा ट्रेंड घ्या. आडव्या अक्षावर रसाचा फ्लो आणि उभ्या अक्षावर पीआयडीचं आउटपुट, म्हणजे ते प्रमाण, असे ठिपके काढा. फ्लो स्थिर असतानाचेच ठिपके ठेवा. ठिपक्यांची रेघ आडवी असेल तर गेन बरोबर. फ्लो वाढताना आउटपुटही वाढत असेल तर फीडफॉरवर्ड कमी देतं आहे आणि बाकीचं पीआयडी भरून काढतो आहे. फ्लो वाढताना आउटपुट उतरत असेल तर ते जास्त देतं आहे.

फीडफॉरवर्ड नीट असेल तर पीआयडीला गाळप वाढलं की घटलं याचा पत्ताही लागायला नको.

गेन बरोबर आहे, तरी तापमान थोडं हलतंच. का?

आता वेळेचा हिशेब करावा लागतो. किती वाफ वाढवायची हे बरोबर असून भागत नाही, तिचा परिणाम रसाच्या परिणामाबरोबरच पोचायला हवा.

त्यासाठी दोन स्टेप टेस्ट करा. पीआयडी मॅन्युअलला, फीडफॉरवर्ड बंद. आधी वाफेचा सेट पॉइंट ५ टक्के वाढवा आणि तापमानाची रेघ बघा. मग सगळं स्थिरावू द्या आणि रसाचा फ्लो ५ टक्के वाढवा. पीआयडी ऑटोला ठेवून ही टेस्ट करायची चूक फार होते. तेव्हा दिसणाऱ्या रेघेत पीआयडीची करामत मिसळलेली असते आणि त्यातून काढलेलं मॉडेल कुठल्याच कामाचं नसतं.

आपल्या हीटरवर असं दिसलं समजा: वाफ बदलल्यावर १२ सेकंद काहीच नाही, आणि मग ५८ सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने बदल. रस बदलल्यावर फक्त ४ सेकंद शांतता, आणि मग ४१ सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. वाफेला उशीर लागणारच. व्हॉल्व्ह हलायचा, शेलमधलं प्रेशर चढायचं, नळीचा धातू तापायचा, आणि मग रस. थर्मोवेलचा उशीर दोन्हींत सारखाच असतो, म्हणून तो फीडफॉरवर्डच्या हिशेबातून कटतो. फरक पडतो तो फक्त दोन वाटांच्या वेळेतला.

५८ आणि ४१ मधला फरक लीड-लॅगने भरता येतो:

```
FF = K * (58s + 1) / (41s + 1)
```

पण १२ आणि ४ मधले ८ सेकंद कुठल्याच ब्लॉकने भरता येत नाहीत. त्यासाठी रस वाढण्याच्या ८ सेकंद आधी ते कळायला हवं. त्या ८ सेकंदांत तापमान २.९ च्या सुमारे १८ टक्के, म्हणजे ०.५ अंश पडतं आणि मग हळूहळू भरून येतं. मॉडेल अगदी अचूक असलं तरी हा अर्धा अंश राहणार.

लीड-लॅग न घालता नुसतं प्रमाण ठेवलं तर?

हा हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावाच. नुसत्या प्रमाणाने, काहीही डायनॅमिक भरपाई न करता, तापमान जास्तीत जास्त ०.५९ अंशाने पडतं. लीड-लॅग बिनचूक बसवल्यावर ०.५१. फरक ०.०८ अंशाचा. भरून यायला थोडा जास्त वेळ लागतो, हे मान्य.

म्हणून मी लीड-लॅगच्या मागे लागायच्या आधी प्रमाण, वर्गमूळ आणि फ्लो मीटरचं कॅलिब्रेशन तपासायला सांगतो. दोन वाटांचे टाइम कॉन्स्टंट दुप्पट-तिप्पट वेगळे असतील तेव्हा गोष्ट वेगळी, तिथे लीड-लॅग लागतोच. पण लीडने मीटरची थरथरही वाढते हे विसरू नका. रसात हवेचे बुडबुडे असले की मॅग्नेटिक फ्लो मीटर नाचतो, आणि मोठा लीड ते नाचणं सरळ वाफेच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचवतो.

नाचणारा मीटर शांत करायला ट्रान्समीटरचं डॅम्पिंग वाढवलं तर चालेल?

वाढवा, पण किती वाढवलं ते लिहून ठेवा. १० सेकंदांचं डॅम्पिंग म्हणजे मंद बदलांसाठी जवळपास १० सेकंदांचा जादा उशीर. आधीचे ८ आणि हे १० मिळून १८ झाले. कुणीतरी एक दिवस रेघ छान दिसावी म्हणून डॅम्पिंग ३० वर नेतो, आणि पुढच्या महिन्यात सगळे म्हणतात की फीडफॉरवर्ड पूर्वीसारखं चालत नाही.

उशीर किती असला तर फीडफॉरवर्डचा फायदाच संपतो?

रस कुठल्या लयीत हेलकावतो त्यावर ते अवलंबून आहे. गेन अचूक आहे आणि फक्त उशीर उरला आहे असं धरलं, तर शिल्लक गडबडीचं प्रमाण असं निघतं:

```
residual = 2 * sin(pi * delay / period)
```

आपले ८ सेकंद त्यात घाला. रस ५ मिनिटांच्या लयीत वर-खाली होत असेल तर १७ टक्के गडबड उरते, म्हणजे छान काम झालं. २ मिनिटांच्या लयीत ४२ टक्के, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त काम झालं. ४८ सेकंदांच्या लयीत १०० टक्के, फायदा शून्य. ३० सेकंदांच्या लयीत जवळपास १५० टक्के, म्हणजे फीडफॉरवर्ड गडबड वाढवतं. वाफ वाढते तोवर रस ओसरलेला असतो, आणि वाफ कमी होते तोवर तो पुन्हा वाढलेला असतो.

लक्षात ठेवायला सोपं माप असं: हेलकाव्याचा काळ उशिराच्या सहापट असेल तिथे फायदा संपतो. ८ चे सहापट ४८. डॅम्पिंगमुळे उशीर १८ झाला तर ही सीमा ढोबळमानाने १०८ सेकंदांवर जाते, आणि दोन मिनिटांच्या लयीतला फायदाही जवळजवळ हातचा जातो.

३० सेकंदांचे हेलकावे हीटर स्वतःच बरेचसे गिळतो, त्यामुळे तापमानावर फार दिसत नाहीत. पण वाफेचा व्हॉल्व्ह उगाच झिजतो.

गेन चुकला तरी शेवटी पीआयडी बघून घेईलच ना?

मंद बदलांत घेईल. गाळप अर्ध्या तासात हळूहळू वाढलं तर इंटिग्रल ॲक्शन गेनची चूक भरून काढते, आणि खरं सांगायचं तर तिथे फीडफॉरवर्ड नसतं तरी चाललं असतं. अगदी वेगवान हेलकाव्यांत, मिनिटाच्या आतल्या, दोघांचाही उपयोग नाही. उलट लूप कडक ट्यून केलेला असेल तर त्या भागात पीआयडी हेलकावे थोडे वाढवतोच.

फीडफॉरवर्डची खरी कमाई मधल्या पट्ट्यात आहे. आपल्या हीटरवर ढोबळमानाने दीड मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतच्या लयीत. तिथे पीआयडी उशिरा पोचतो आणि फीडफॉरवर्ड वेळेत. त्याच पट्ट्यात मॉडेलच्या चुका सर्वांत जास्त नडतात, कारण मागून सावरायला पीआयडी अजून आलेला नसतो. म्हणून मॉडेल जुळतं का हे तपासताना नुसती स्थिर अवस्था बघू नका, या लयीतला ट्रेंड बघा.

ट्रेंड बघून चूक गेनची की वेळेची हे कसं ओळखावं?

रसाचा फ्लो एकदम वाढला तो क्षण शोधा आणि पुढची तीन-चार मिनिटं बघा. तापमान आधी थोडं पडून पीआयडी हलायच्या आत स्वतःच परत आलं, तर वाफ उशिरा पोचते आहे, पण गेन बरोबर आहे. आधी वर जाऊन मग जागेवर आलं, तर लीड जास्त आहे. पडलं आणि पीआयडीने ओढून आणेपर्यंत खालीच राहिलं, तर गेन कमी. चढलं आणि चढलेलंच राहिलं, तर गेन जास्त, आणि मग आधी वर्गमूळ तपासा.

वाफेच्या हेडरचं प्रेशरही मोजलं जातं. तेही फीडफॉरवर्डला जोडू का?

नको. फीडफॉरवर्डची अट अशी की जे मोजता त्यावर आपल्या व्हॉल्व्हचा परिणाम होता कामा नये. रसाचा फ्लो ही अट पाळतो, कारण वाफ वाढवली म्हणून रस वाढत नाही. हेडर प्रेशर ती पाळत नाही. प्रेशर पडलं म्हणून व्हॉल्व्ह उघडला, तर वाफ जास्त ओढली जाऊन प्रेशर आणखी पडतं, मग व्हॉल्व्ह आणखी उघडतो. हेडर लहान असेल तर हे चक्र थांबतच नाही. प्रेशरची गडबड आतल्या फ्लो लूपवर सोडा.

आत येणाऱ्या रसाचं तापमान मात्र जरूर जोडा. ते समीकरणात आधीच आहे. फक्त हीटरनंतरचा रस कुठून तरी हीटरला रस देणाऱ्या टाकीत परत फिरत नाही ना, एवढं पाहून घ्या.

मिनिटाच्या आतले हेलकावे दोघांनाही जमत नाहीत, मग त्यांचं काय करायचं?

ते हीटरपर्यंत येऊच देऊ नका. बहुतेक ठिकाणी मिक्स्ड ज्यूस टाकीची लेव्हल अगदी ५० टक्क्यांवर धरून ठेवलेली दिसते. लेव्हलची रेघ सरळ दिसते, पण मिलमधला प्रत्येक हेलकावा पंपामार्फत तसाच्या तसा हीटरवर जातो. टाकी असते ती हेलकावे पोटात घ्यायला. ताशी २०० टनांवर १० टक्के जादा रस दोन मिनिटं आला तर तो जेमतेम ०.६७ टन होतो. १० टनांच्या टाकीत तेवढ्याने लेव्हल ७ टक्के हलते, आणि ती खुशाल हलू द्यावी. लेव्हल लूपचा गेन कमी करा, इंटिग्रल टाइम बराच वाढवा, ३० ते ७० टक्क्यांत लेव्हल मोकळी फिरू द्या. मग हीटरवर फक्त मंद बदल पोचतात, आणि ते ०.०५५ च्या प्रमाणाने सहज सांभाळले जातात.